अँकर गेला तरी भाडे तेवढेच का? मॉल व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक मंडळ व लीजिंग विभागप्रमुख,
पुणे

स. न. वि. वि.

तुमच्या मॉलच्या पहिल्या मजल्यावर लहान मुलांच्या कपड्यांचे माझे दुकान आहे. आमच्यापैकी अनेकांचे लिव्ह अँड लायसन्स करार आता नूतनीकरणाला आले आहेत आणि तुमच्या कार्यालयाने नव्या कराराचा मसुदा आम्हाला पाठवला आहे. तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत पसरलेले अँकर दुकान, म्हणजे मॉलमध्ये गर्दी खेचणारे मोठे दुकान, दिवाळीनंतर बंद झाले. मसुद्यात त्याची दखल एकाच ठिकाणी घेतली आहे, तीही नव्याने घातलेल्या एका कलमात. मॉलमधील दुसरा कोणताही परवानाधारक टिकून राहील याची मालक हमी देत नाही आणि त्या कारणाने भाड्यात सूट मागता येणार नाही, असा त्या कलमाचा अर्थ आहे. भाडे तेच आहे आणि त्यावरची दरवर्षीची वाढही तशीच ठेवली आहे.

मी कार्यालयाला लेखी हरकत कळवली. 'हा व्यावसायिक निर्णय आहे' एवढेच उत्तर आले. हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण तेच. शिवाय असाच मसुदा दुसऱ्या शहरांतल्या मॉलमधल्या लहान दुकानदारांच्या टेबलावरही पडला असेल. सही करण्याआधी त्यांनी हे वाचावे असे मला वाटते.

मॉलमधले भाडे कसे ठरते हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी लिहिते. मॉल उभा राहतो तेव्हा मालक आधी अँकर शोधतो: मोठे डिपार्टमेंट स्टोअर, हायपरमार्केट किंवा मल्टिप्लेक्स. त्याला पन्नास हजार चौरस फूट जागा द्यायची झाली तरी प्रति चौरस फूट दर अगदी कमी लावतात, कारण तो गर्दी घेऊन येतो. ती गर्दी आत आली की आमच्यासारख्या चारपाचशे फुटांच्या गाळ्यांसमोरून जाते आणि त्यासाठी आमच्याकडून कित्येक पट दर घेतला जातो. यात गैर काही नाही, जगभर मॉल असेच चालतात. पण मग आमच्या दरातला मोठा हिस्सा त्या गर्दीचा मोबदला आहे, हेही मान्य करावे लागेल. माझ्या गाळ्याचा दर ठरवताना तुमच्या लीजिंगच्या प्रतिनिधीने नकाशावर बोट ठेवून दाखवले होते की अँकरचे आतले दार इथे उघडते आणि सरकता जिना इथे येतो, म्हणून मधल्या पट्ट्यातल्या गाळ्यांचा दर मागच्या पट्ट्यापेक्षा जास्त आहे. त्या दाराजवळ असण्याचे जादा पैसे मी इतकी वर्षे भरले. दार बंद झाले, जादा दर चालूच आहे.

आज तिथे काय आहे? शटरवर तुम्ही मॉलच्याच नावाचा मोठा फ्लेक्स ताणला आहे आणि त्यावर 'लवकरच येत आहे' असे छापले आहे. काय येत आहे, ते छापलेले नाही. त्या बाजूचा वर जाणारा सरकता जिना विजेची बचत म्हणून बंद ठेवलेला असतो. खालच्या पार्किंगमधली जी लिफ्ट थेट अँकरच्या दारात उघडायची, ती शनिवार-रविवार सोडून बंद असते. त्यामुळे गाडी लावून येणारे कुटुंब दुसऱ्या टोकाच्या लिफ्टने थेट फूड कोर्टमध्ये जाते आणि तिथूनच परत फिरते. आमच्या पट्ट्यात कोणी आलेच तर बहुधा शौचालय शोधत आलेले असते. सुरक्षा रक्षकही तिकडचा कमी केला आहे. आमचे कॅमचे बिल, म्हणजे सामाईक देखभालीचा खर्च, मात्र एक रुपयाने कमी झालेले नाही.

आता आकडे. ते तुमच्याकडे आहेतच, कारण माझ्या बिलिंग मशीनवरची विक्री रोज रात्री तुमच्या सर्व्हरवर जाते. माझा गाळा चटईक्षेत्राने ४२० चौरस फूट आहे, पण लोडिंग, म्हणजे सामाईक जागेचा वाटा, धरून भाडे ७०० फुटांवर लागते. दर १६० रुपये, म्हणजे महिन्याची मिनिमम गॅरंटी १,१२,००० रुपये. दुसरा पर्याय विक्रीच्या १४ टक्क्यांचा. दोन्हींपैकी जी रक्कम मोठी असेल ती भरायची. कॅमचे २१,००० वेगळे आणि या सगळ्यावर जीएसटी.

अँकर चालू असताना साधारण महिन्याची माझी विक्री नऊ लाख असायची. तिचे १४ टक्के म्हणजे १,२६,०००. गॅरंटीपेक्षा जास्त, म्हणून तुम्हाला तेवढे मिळायचे आणि मी ते आनंदाने द्यायची. माझ्या धंद्यात ठोक नफा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो. तीन लाख साठ हजारांतून तुमचे भाडे आणि कॅम गेले की दोन लाखांहून थोडे अधिक उरायचे. त्यात दोन मुलींचे पगार, वीज, कार्डाचे शुल्क, विमा, सीझन संपल्यावर राहिलेल्या मालावरची घट आणि माझे घर. दुकान चालत होते.

आता विक्री पाच लाखांवर आली आहे. ठोक नफा दोन लाख. विक्रीच्या हिशेबाने भाडे सत्तर हजार झाले असते, पण गॅरंटी मोठी म्हणून १,१२,००० भरावे लागतात. कॅम धरून १,३३,०००. विक्रीच्या जवळजवळ सत्तावीस टक्के रक्कम जागेपोटी जाते. कपड्यांच्या धंद्यात हे प्रमाण वीसच्या वर गेले की दुकान आजारी पडते, हे तुमचा लीजिंग विभाग आमच्याइतकेच जाणतो. उरलेल्या सदुसष्ट हजारांत पगार आणि वीज कशीबशी निघते. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधीचा माल भरायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न आज माझ्यासमोर आहे. माल कमी भरला की विक्री आणखी खाली जाते. आमच्या रांगेतली दोन दुकाने याच फेऱ्यात सापडून बंद झाली.

हे टाळण्यासाठीच मॉलच्या करारांत को-टेनन्सी नावाचे कलम असते. अँकर बंद झाला, किंवा मॉलमधली चालू दुकाने ठरावीक प्रमाणाखाली गेली, तर परिस्थिती सुधारेपर्यंत भाडेकरूने पूर्ण भाड्याऐवजी ठरलेले कमी भाडे द्यायचे. बहुतेक वेळा ते विक्रीच्या टक्केवारीत असते. हे कलम अमेरिकेतल्या मॉलमध्ये दशकानुदशके रुळलेले आहे. आपल्याकडे ते मोठे ब्रँड मागून घेतात, लहानांना कोणी देत नाही. आपल्या मॉलमध्येही दोन मोठ्या ब्रँडच्या करारांत ते आहे आणि अँकर बंद झाल्यापासून ते कमी भाडे भरत आहेत, हे आता सगळ्या दुकानदारांना माहीत आहे. मला त्यांचा राग नाही. त्यांच्याकडे वकील होते आणि पाय रोवून उभे राहण्याची ताकद होती. पण एकाच रांगेतल्या दोन दुकानांसमोरचे एकच बंद शटर एकाला भाड्यात सवलत मिळवून देते आणि दुसऱ्याला काहीच देत नाही. आणि ज्याला ती मिळत नाही त्याच्या मागे देशभरातल्या शंभर शाखांचा आधार नसतो.

करारात हे कलम नसेल तर कायदा आमच्या मदतीला येत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ नुसार करार अशक्य झाला तर तो संपतो, पण व्यवहार महाग किंवा तोट्याचा होणे म्हणजे अशक्य होणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग प्रकरणात स्पष्ट केले. २०२० मध्ये टाळेबंदीत दिल्लीच्या खान मार्केटमधल्या दुकानदारांनी भाडे स्थगित करण्याची मागणी केली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ती फेटाळताना पहिला प्रश्न हाच पाहिला की करारात तशी तरतूद आहे का. साथीच्या टाळेबंदीत जिथे दिलासा मिळाला नाही, तिथे शेजारचे दुकान बंद झाले म्हणून कोण देणार? 'अँकर नऊ वर्षांसाठी आहे, काळजी करू नका' हे लीजिंगच्या माणसाचे तोंडी बोलणेही उपयोगाचे नाही, कारण करारातच लिहिलेले असते की या कागदाबाहेरचे कोणतेही आश्वासन धरले जाणार नाही. म्हणून हा प्रश्न सद्भावनेवर सोडता येत नाही. तो कागदावरच सुटायला हवा आणि कागद आत्ता तुमच्या हातात आहे.

आता तुमच्या हरकतींकडे येते. दुकानदारांच्या बैठकीत तुमच्या प्रतिनिधींनी तीन मुद्दे मांडले होते.

पहिला मुद्दा असा की अँकर स्वतःहून गेला, त्यात मालकाचा दोष नाही, मग भाडेकपात म्हणजे विनाकारण दंड. याच प्रश्नावर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये निकाल दिला आहे आणि तो तुमच्या वकिलांनी वाचावा अशी माझी विनंती आहे. सॅक्रॅमेंटोजवळच्या एल्क ग्रोव्ह इथल्या शॉपिंग सेंटरमध्ये जो-अ‍ॅन या कापड आणि शिवणसाहित्याच्या कंपनीचे दुकान होते. २००४ च्या करारात अट होती की सेंटरमध्ये ठरलेल्या संख्येइतकी अँकर दुकाने चालू हवीत, किंवा एकूण जागेपैकी साठ टक्के जागेत दुकाने चालू हवीत. ही अट पुरी झाली नाही तर जो-अ‍ॅनने ठरलेल्या भाड्याऐवजी पर्यायी भाडे द्यायचे: महिना १२,००० डॉलर किंवा विक्रीच्या साडेतीन टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. २०१८ मध्ये अँकर बंद पडले, जो-अ‍ॅनने पर्यायी भाडे सुरू केले आणि मालक कोर्टात गेला. हा दंड आहे, तो बेकायदा ठरवा, असे त्याचे म्हणणे होते.

न्यायालयाने ते मानले नाही. त्याच्या मते हा करारभंगाचा दंड नव्हता. दोन परिस्थितींसाठी दोन भाडी दोघांनी आधीच ठरवली होती. गजबजलेल्या सेंटरमधल्या जागेचे एक भाडे आणि ओस पडलेल्या सेंटरमधल्या त्याच जागेचे दुसरे. अँकरचे जाणे सर्वस्वी मालकाच्या हातात नव्हते, एवढ्याने ती तरतूद दंड ठरत नाही. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही हे मला कळते. पण तर्क इथेही तोच लागू पडतो. आपल्या करार कायद्याचे कलम ७४ हे करार मोडल्यावरच्या भरपाईबद्दल आहे. इथे कोणी करार मोडला असे मी म्हणतच नाही. जागेची किंमत बदलली तर भाडे कोणत्या सूत्राने बदलेल, ते आधी लिहून ठेवा, एवढेच म्हणते.

त्याच राज्यातल्या आणखी एका प्रकरणाकडे आमच्या बाजूच्या लोकांनी लक्ष द्यावे. पोर्टरव्हिल या गावच्या सेंटरमध्ये रॉस या कपड्यांच्या साखळीच्या करारात अट होती की मर्विन्स हे डिपार्टमेंट स्टोअर चालू नसेल तर भाडे अजिबात द्यायचे नाही. मर्विन्स २००८ मध्ये दिवाळखोरीत गेले. २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती भाडेमाफी दंड ठरवून नाकारली, कारण रॉसचे जे नुकसान अपेक्षित होते त्याच्याशी पूर्ण भाडे माफ होण्याचा काही मेळ बसत नव्हता. करार सोडून जाण्याचा हक्क मात्र कायम ठेवला. २०२४ च्या निकालाने वाट वेगळी घेतली, तरी २०१५ च्या निकालातले एक मला पटते: फुकट जागा मागणे योग्य नाही. आम्ही ती मागतही नाही. भाडे विक्रीशी बांधा. विक्री पडली नसेल तर तुमचे काहीच जाणार नाही.

दुसरा मुद्दा कर्जाचा. मॉलच्या भाड्यावर बँकेने लीज रेंटल डिस्काउंटिंगचे कर्ज दिले आहे, भाडे थेट बँकेच्या ताब्यातल्या एस्क्रो खात्यात जाते, सगळ्या दुकानांचे भाडे एकदम उतरले तर हप्ता कसा भरायचा? ही अडचण खरी आहे, मी ती हलकी लेखत नाही. एका अँकरमुळे वीस दुकानांचे भाडे उतरते, त्यातली काही जातात, मग चालू दुकानांचे प्रमाण घसरून आणखी काहींचे कलम लागू होते; अमेरिकेत मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स बंद पडू लागली तेव्हा अनेक मॉल असेच पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. पण बँकेला दाखवलेले १,१२,००० जर दुकानदार भरूच शकत नसेल तर तो आकडा कागदावरच राहणार. माझे दुकान बंद झाले तर तो गाळा पुन्हा भरेपर्यंत महिने जातील. नव्या भाडेकरूला फिट-आउटसाठी, म्हणजे दुकान आतून सजवून तयार करण्यासाठी, भाडेमुक्त काळ द्यावा लागेल, दलाली द्यावी लागेल, आणि बंद अँकरसमोरच्या गाळ्याला तो १६० चा दर देणार नाही. सत्तर हजार आणि कॅम नियमित भरणारे दुकान तुमच्या बँकेलाही रिकाम्या गाळ्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

तिसऱ्या मुद्द्याने मला खरोखर दुःख झाले. 'विक्री ऑनलाइनमुळे पडली, अँकरमुळे नाही,' असे सांगण्यात आले. ऑनलाइनचा फटका सगळ्यांनाच बसतो आणि तो वर्षानुवर्षे हळूहळू बसत आला आहे. त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण कारण ओळखण्याचे साधन तुमच्याकडेच आहे. प्रवेशद्वारांवर माणसे मोजणारी यंत्रे आहेत आणि आमची रोजची विक्री तुमच्या सर्व्हरवर आहे. अँकर बंद होण्याआधीचे बारा महिने आणि नंतरचे महिने शेजारी शेजारी मांडा, सणासुदीचे महिने सणासुदीच्या महिन्यांशीच ताडून पाहा. मग आमच्या पट्ट्याची घट आणि फूड कोर्टाजवळच्या पट्ट्याची घट वेगवेगळी काढा. ऑनलाइनमुळे असेल तर दोन्ही पट्टे सारखेच उतरलेले दिसतील. तसे दिसले तर माझी मागणी मी मागे घेईन. हे आकडे आम्हाला दाखवण्यात अडचण काय आहे?

एक गोष्ट बैठकीत कोणी बोलले नाही, ती मी इथे मांडते. दुकान बंद असणे आणि करार संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँकरचा लॉक-इन काळ, म्हणजे करार सोडता येत नाही असा काळ, शिल्लक असेल तर शटर खाली असूनही तो तुम्हाला भाडे किंवा भरपाई देत असू शकतो. अशा वेळी मालकाचे खाते भरलेले असते आणि नुकसान फक्त भोवतालच्या दुकानांचे होते. म्हणूनच चांगल्या को-टेनन्सी कलमात 'जागा भाड्याने दिलेली आहे' एवढे पुरत नाही. 'दुकान उघडे आहे आणि ग्राहकांना माल विकत आहे' असे लिहावे लागते. आमच्या अँकरबाबत काय स्थिती आहे, ते आम्हाला सांगितलेले नाही.

त्याला जोडूनच दुसरी भीती. ती जागा को-वर्किंग ऑफिसला देण्याची बोलणी चालू आहेत, असे कानावर येते. ऑफिसची माणसे सोमवार ते शुक्रवार येतील, पार्किंगमधून वेगळ्या लिफ्टने वर जातील आणि संध्याकाळी निघतील. माझी निम्मी विक्री शनिवार-रविवारची, तीही मुलांना घेऊन आलेल्या आई-आजीची. कागदावर जागा भरेल, आमच्या पट्ट्यात कोणी फिरकणार नाही. अँकरच्या बदल्यात कोण आले तर अट पूर्ण झाली असे मानायचे, हे आधी ठरवले नाही तर सगळे कलम पोकळ ठरते.

म्हणून नव्या करारात पुढील गोष्टी लिहाव्यात, अशी आमची मागणी आहे.

१. 'मॉलमधील अन्य परवानाधारकांबाबत हमी नाही, सूट मागता येणार नाही' हे नवे कलम काढून टाकावे.

२. त्या जागी को-टेनन्सीचे कलम घालावे. अँकर दुकान ग्राहकांसाठी बंद झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत तुम्ही घ्या. त्या काळात आम्ही पूर्ण भाडे भरू. नूतनीकरण, आग, पूर किंवा सरकारी आदेशाने आलेली तात्पुरती बंदी यात धरू नका. सहा महिन्यांत पर्याय आला नाही तर मिनिमम गॅरंटी थांबावी आणि फक्त विक्रीचे १४ टक्के भाडे लागावे. ते गॅरंटीच्या निम्म्याखाली जाणार नाही, ही तळरेषाही आम्हाला मान्य आहे. कॅम आम्ही पूर्ण भरू, पण ज्या जिन्याची आणि लिफ्टची वर्गणी घेता ती चालू ठेवा.

३. सवलत फक्त त्यालाच मिळावी ज्याची थकबाकी नाही आणि ज्याची विक्री मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत किमान पंधरा टक्के घटली आहे. मोजमाप तुमच्याच सर्व्हरवरून करा.

४. बदली अँकर म्हणजे एकाच चालकाचे किरकोळ विक्रीचे किंवा करमणुकीचे ठिकाण, जुन्या जागेच्या किमान पाऊण भागात, आठवड्याचे सातही दिवस मॉलच्या वेळेत सर्वांसाठी खुले आणि ज्याचे दार मॉलच्या आत उघडते असे. ऑफिस, गोदाम किंवा कॉल सेंटर त्यात बसणार नाही.

५. ही सवलत कायमची नको. ती सुरू झाल्यापासून बारा महिन्यांत दुकानदाराने ठरवावे: लॉक-इनचा दंड न भरता आणि डिपॉझिट पूर्ण परत घेऊन बाहेर पडायचे, की पूर्ण भाड्यावर परत यायचे. यात तुमचे बंधन संपते आणि आमचेही.

६. चालू करारांतली जी दुकाने अँकर बंद झाल्यापासून पूर्ण गॅरंटी भरत आहेत, त्यांचा सहा महिन्यांनंतरचा फरक पुढच्या भाड्यात वळता करावा.

मुदत सहा महिन्यांची का, हे सांगते. मोठ्या जागेसाठी नवा अँकर शोधणे, करार करणे आणि त्याचे फिट-आउट पूर्ण होणे याला सहा महिन्यांहून जास्त लागू शकतात, हे खरे. पण तो सगळा काळ आमच्यासारख्या दुकानाने एकट्याने सोसावा, हे होणार नाही. सहा महिने म्हणजे आमच्या धंद्यातला एक सीझन. एका सीझनचा तोटा आम्ही खिशातून घालू शकतो. दुसऱ्या सीझनला दागिने गहाण पडतात.

अँकर कायमचे असतात असे कोणीच गृहीत धरू नये. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर देशातली बिग बाझारची कितीतरी दुकाने एका झटक्यात बंद झाली आणि त्यांच्या आसऱ्याने चालणारी दुकाने ग्राहकांची वाट पाहत बसली. ज्या जो-अ‍ॅनने कॅलिफोर्नियात तो खटला जिंकला, ती कंपनीही निकालानंतर महिन्याभरात दिवाळखोरीत गेली आणि २०२५ मध्ये तिची सगळी दुकाने बंद झाली. तिच्या शेजारीही लहान दुकाने होतीच. कलम हवे ते यासाठी.

माझ्यासारख्या दुकानदारांना हा मॉल सोडून जायचे नाही. माझ्या दुकानात पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक घेतलेली मुले आता शाळेच्या गॅदरिंगचे कपडे घ्यायला येतात. ती गिऱ्हाइके पाच किलोमीटरवरच्या रस्त्यावरच्या गाळ्यात माझ्या मागून येतील असे नाही. म्हणूनच मी इथे राहण्यासाठी भांडते आहे.

नूतनीकरणाच्या मसुद्यावर सही करण्याची मुदत तुम्ही महिनाअखेरीची दिली आहे. त्याआधी आमच्या पट्ट्यातल्या दुकानदारांबरोबर बैठक घ्या. त्या बैठकीला लीजिंग विभागाबरोबर निर्णय घेण्याचा अधिकार असलेला एक संचालक असावा, आणि प्रवेशद्वारांवरची मोजणी व पट्टावार विक्रीचे आकडे छापून टेबलावर ठेवलेले असावेत. कलमाची भाषा आम्ही आमच्या वकिलांकडून तयार करून आणू. ती तुमच्या वकिलांनी तपासावी, बदल सुचवावेत. तोवर आम्ही जुन्या अटींवर भाडे वेळेवर भरत राहू आणि नव्या मसुद्यावर सही करणार नाही.

कळावे,
आपली,
पहिल्या मजल्यावरील मुलांच्या कपड्यांची दुकानदार